शेअर केलेल्या अल्बममधला एक फोटो काढायचाय: सगळ्यांकडून जाणार की फक्त माझ्याकडून? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बडोद्यातल्या मराठी घरांमधून हे प्रश्न लग्नसराईनंतर आणि गणपतीनंतर हमखास येतात. उत्तरं मुख्यतः गुगल फोटोजबद्दल आहेत, कारण बहुतेकांचा अल्बम तिथेच असतो. आयफोनचं वेगळं आहे, ते प्रश्न ११ आणि १२ मध्ये.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. दांडिया बाजारातल्या एका घरी मुंज झाली. आत्याने अल्बम उघडला आणि तिच्यासकट त्यात ३८ जण झाले. फोटो जमले ६१२. त्यातले १४० इंदूरच्या मामांनी टाकलेले, बाकीचे आत्याचे आणि इतर नातेवाइकांचे.

१. अल्बममधला फोटो नेमका कुणाकडे असतो?

ज्याने टाकला त्याच्या गुगल खात्यात. अल्बम ही फोटो ठेवायची पेटी नाही. कुठल्या खात्यातले कुठले फोटो दाखवायचे, याची ती यादी आहे. मामांनी टाकलेले १४० फोटो मामांच्याच खात्यात पडून असतात, जागाही त्यांच्याच १५ जीबीतून जाते, आणि बाकीच्या ३७ जणांना ते तिथूनच दिसतात. म्हणून आत्याच्या मोबाइलवर अल्बम उघडला की भिक्षावळीचा फोटो दिसतो, पण तिच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तारखेनुसार लागलेल्या मुख्य पानावर, तो नसतो.

काहीही उडवण्याआधी ‘हा फोटो कुणाच्या खात्यात आहे?’ एवढं विचारलं की पुढची बहुतेक उत्तरं आपोआप सुटतात.

२. मी माझ्या मोबाइलमधून फोटो डिलीट केला तर सगळ्यांच्या अल्बममधूनही जातो का?

फोटो तुम्ही टाकलेला असेल आणि गुगल फोटोजच्या ॲपमधून नेहमीसारखा डिलीट केलात, तर हो, सगळ्यांकडून जातो. यादीत नाव राहून उपयोग नाही, मूळ फोटोच गेला.

डिलीट करताना ॲप एक सूचना दाखवतं. आवृत्तीनुसार शब्द थोडे बदलतात, पण त्यात साधारण `places shared within Google Photos` असं लिहिलेलं असतं. तुमच्या खात्यातून, त्या खात्याला जोडलेल्या उपकरणांवरून आणि गुगल फोटोजमध्ये जिथे जिथे शेअर केलाय तिथूनही फोटो जाईल, असा त्याचा अर्थ. रोज दहा सूचना बघून बोट आपोआप ‘हो’वर जातं, आणि नेमकं हेच वाक्य वाचायचं राहतं.

फोटो दुसऱ्याचा असून तुम्ही फक्त सेव्ह केलेला असेल, तर गोष्ट उलटी आहे. प्रश्न ५ पाहा.

३. फोटो माझ्याकडे ठेवायचाय, फक्त अल्बममधून काढायचाय. कसा?

त्यासाठी डिलीट वापरायचंच नाही. आधी अल्बम उघडा आणि त्याच्या आतच तो फोटो उघडा. वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांना हात लावा आणि `Remove from album` निवडा. एकदम पाच-सात काढायचे असतील तर पहिल्यावर बोट दाबून धरा, बाकीचे निवडा आणि मेनूत तोच पर्याय शोधा. फोटो सगळ्यांच्या अल्बममधून जाईल आणि तुमच्या लायब्ररीत जिथल्या तिथे राहील.

चूक होते ती कचऱ्याच्या डब्याच्या चित्रामुळे. स्वतःचा फोटो उघडला की ते चित्र समोरच असतं आणि `Remove from album` मात्र ठिपक्यांच्या आत दडलेलं असतं. घाईत डब्यावर बोट जातं आणि अल्बमबरोबर लायब्ररीतूनही फोटो निघून जातो. काढून झाल्यावर मुख्य पानावर त्या तारखेला जाऊन फोटो आहे ना, ते एकदा बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

४. दुसऱ्याने टाकलेला फोटो मला अल्बममधून काढता येतो का?

अल्बम तुम्ही उघडलेला असेल तर येतो. आत्या कुणाचाही फोटो `Remove from album` करू शकते. मात्र तिने मामांचा फोटो काढला तरी तो मामांच्या खात्यातून जात नाही, फक्त अल्बमच्या यादीतून उतरतो.

अल्बम दुसऱ्याचा असेल तर तुम्हाला फक्त स्वतःचे फोटो काढता येतात. इतरांच्या फोटोवर तो पर्यायच दिसत नाही. मोबाइल बिघडलेला नसतो, अधिकार नसतो. तुमचा नको असलेला फोटो कुणी टाकला असेल, तर टाकणाऱ्याला किंवा अल्बम उघडणाऱ्याला सांगणं हाच मार्ग. सांगताना ‘फक्त अल्बममधून काढा’ की ‘पूर्ण डिलीट करा’ हेही स्पष्ट सांगा, कारण ‘काढलाय गं’ या एका उत्तरात दोन्ही अर्थ बसतात.

५. अल्बममधले फोटो मी सेव्ह केले होते. आता माझ्या लायब्ररीतून काढले तर बाकीच्यांचे जातील का?

नाही. दुसऱ्याचा फोटो सेव्ह केला की तुमच्या खात्यात त्याची स्वतंत्र प्रत तयार होते. ती तुमच्या जागेत मोजली जाते आणि तिच्यावर हक्क फक्त तुमचा. तुमची प्रत उडवलीत तरी मामांचा मूळ फोटो आणि अल्बम दोन्ही शाबूत राहतात. मामांनी उद्या मूळ फोटो उडवला, तरी तुमची प्रत टिकते.

फोटो सेव्ह केलेला आहे की नुसता दिसतोय, हे ओळखायला तो अल्बमच्या आत उघडा. सेव्ह करण्याचं बटण अजून दिसत असेल तर तो तुमच्याकडे नाही. अनेक काकू ‘माझ्याकडे सगळे आहेत’ म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे फोटो नसतात, अल्बम असतो. फरक कळतो तो अल्बम रिकामा झाल्यावर.

६. मोबाइलची जागा भरलीय. अल्बमला धक्का न लावता जागा कशी करू?

आधी कुठली जागा भरलीय ते बघा, कारण जागा दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

‘मोबाइलमध्ये जागा नाही’ अशी सूचना येत असेल, तर फक्त मोबाइलमधली प्रत काढायची. एकेका फोटोसाठी मेनूत `Delete from device` असतं आणि एकदम सगळ्यांसाठी `Free up space`. बॅकअप झालेल्या फोटोंची मोबाइलमधली प्रत जाते, खात्यातली राहते आणि अल्बम तसाच दिसत राहतो.

गुगलचे १५ जीबी भरले असतील, तर वरच्या उपायाने एक एमबीही मोकळी होत नाही. तिथे खात्यातूनच फोटो काढावे लागतात, आणि तसं केलं की ते अल्बममधूनही जातात. अल्बम रिकामे होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: कुणी रागाने नाही, जागा करायला म्हणून उडवलेलं असतं. म्हणून खात्यातून काढण्याआधी फोटो उघडून वर सरकवा. खाली माहितीत तो कुठल्या अल्बममध्ये आहे ते दिसतं. मुंजीच्या अल्बमचं नाव दिसलं तर थांबा आणि आधी प्रश्न ८ मधली सोय करा.

७. अल्बममधले शंभर-दीडशे फोटो अचानक गायब झाले. कुठे गेले, परत येतील का?

आपलं उदाहरण घेऊ. ३ जूनला मामांच्या गुगल खात्याची जागा भरली. त्यांनी मुंजीच्या महिन्यातले सगळे फोटो निवडले आणि डिलीट केले. त्यांना वाटलं, अल्बम तर आत्याचा आहे, तिथे राहतीलच. संध्याकाळी बडोद्यात आत्याने अल्बम उघडला तर ६१२ ऐवजी ४७२. मातृभोजनाचे आहेत, भिक्षावळीचा एकही नाही.

हा आकडाच पहिला पुरावा आहे. बरोबर एका माणसाचे फोटो कमी झाले असतील, तर अल्बम बिघडलेला नाही. त्या माणसाने एकतर फोटो डिलीट केलेत, किंवा तो अल्बममधून बाहेर पडलाय (प्रश्न ९). सदस्यांच्या यादीत त्याचं नाव आहे का ते बघा. मामांचं नाव यादीत होतं, म्हणजे फोटो डिलीट झालेत.

आता आत्याने काहीही करून उपयोग नाही. तिच्या कचरापेटीत ते फोटो सापडणार नाहीत, कारण ते तिचे नव्हतेच. शोधायचं मामांच्या खात्यात. त्यांनी गुगल फोटोजमधली कचरापेटी उघडायची. भाषेच्या सेटिंगप्रमाणे तिचं नाव `Bin` किंवा `Trash` दिसतं. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, म्हणजे ३ जूनचे साधारण २ ऑगस्टपर्यंत. बॅकअप न झालेले अँड्रॉइडवर फक्त ३० दिवस. फोटो निवडून `Restore` केलं की ते मामांच्या लायब्ररीत आणि ज्या अल्बममध्ये होते तिथे परत येतात. त्यानंतर आत्याने अल्बम उघडून आकडा मोजायचा. काही कमी भरले तर मामांनी ते नव्याने अल्बममध्ये टाकायचे.

मामांनी जागा लगेच हवी म्हणून कचरापेटीही रिकामी केली असेल, तर ६० दिवसांचा हिशोब संपला. मग ३८ जणांपैकी कुणी कुणी ते फोटो सेव्ह केले होते हे विचारत बसावं लागतं. अशा वेळी ग्रुपवर नुसतं ‘कुणाकडे आहेत का?’ विचारू नका. ‘आपल्या लायब्ररीत मुंजीच्या तारखेला जाऊन बघा’ असं लिहा. नाहीतर सगळे अल्बमच उघडून बघतात आणि ‘नाहीत’ म्हणतात.

८. एखाद्याला खात्यातून फोटो काढायचेच आहेत, पण अल्बममध्ये राहायला हवेत. काही उपाय?

आहे, फक्त क्रम चुकवू नका. ज्याच्या खात्यात जागा आहे अशा एकाने, समजा आत्याने, आधी मामांचे १४० फोटो अल्बममधून निवडून सेव्ह करायचे. मग तिने स्वतःच्या लायब्ररीत ते खरंच आले का ते पाहायचं. वायफाय कमजोर असलं तर काही मागे राहतात. त्यानंतरच मामांनी डिलीट करायचं. मामांचे फोटो अल्बममधून जातील, मग आत्याने आपल्या प्रती अल्बममध्ये टाकायच्या. ही शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. सेव्ह केलेली प्रत लायब्ररीत येते, अल्बममध्ये तिला आपण न्यावं लागतं.

कुणाच्याच खात्यात जागा नसेल तर कॉम्प्युटरवर photos.google.com उघडा, अल्बमच्या तीन ठिपक्यांतून `Download all` करा आणि ती झिप फाइल हार्ड डिस्कवर ठेवा.

९. अल्बममधून बाहेर पडलो तर मी टाकलेले फोटो राहतात का?

राहत नाहीत. तुम्ही टाकलेले फोटो आणि लिहिलेल्या कमेंट तुमच्याबरोबरच अल्बममधून जातात. आत्याने एखाद्याला यादीतून काढलं तरी तेच होतं. फोटो तुमच्या स्वतःच्या लायब्ररीत मात्र सुरक्षित असतात.

‘सारख्या सूचना येतात’ म्हणून बाहेर पडणाऱ्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे की सेटिंगमध्ये सूचना बंद करा, बाहेर पडू नका. दोन सूचनांपायी तुमचे फोटो इतरांना दिसेनासे होतात.

आत्याने सगळा अल्बमच डिलीट केला, तर अल्बम ३८ जणांकडून जातो. ज्याचे फोटो होते त्याच्या लायब्ररीत ते राहतात, पण एकत्र कुठेच दिसत नाहीत.

१०. बाबांच्या मोबाइलमध्ये माझंच गुगल खातं आहे. त्यांनी फोटो उडवला तर?

तर तो तुम्हीच उडवला असं गुगल धरतं. खातं एक, लायब्ररी एक, मोबाइल कितीही असोत. बाबांनी रावपुऱ्यात बसून ‘हा धूसर आलाय’ म्हणून गुगल फोटोजमध्ये डिलीट केलेला फोटो पुण्यात तुमच्या मोबाइलवरून आणि मुंजीच्या अल्बममधूनही जातो. मुलाचं खातं वडिलांच्या मोबाइलवर ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि ‘मी तर हातही लावला नाही’ अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं. बाबांना वेगळं खातं उघडून द्या आणि त्या खात्याला अल्बममध्ये घ्या. मग त्यांना सगळं दिसेल, पण तुमचं काही उडणार नाही.

मोबाइल कंपनीच्या साध्या गॅलरीतून किंवा फाइल मॅनेजरमधून उडवलं, तर सहसा फक्त त्या मोबाइलमधली प्रत जाते आणि बॅकअप झालेली राहते. पण कुठल्या ॲपमधून उडवतोय हे घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहील, यावर विसंबू नका.

११. आयफोनच्या शेअर्ड अल्बममध्येही असंच असतं का?

नाही, तिथे उलट आहे, आणि म्हणूनच अर्धे अँड्रॉइडवाले, अर्धे आयफोनवाले अशा घरांत गोंधळ होतो. ॲपलच्या `Shared Album`मध्ये फोटो टाकला की त्याची लहान केलेली वेगळी प्रत तिथे जाते. लांब बाजू २०४८ पिक्सेलपर्यंत आणलेली असते. त्यामुळे लायब्ररीतला मूळ फोटो डिलीट केला तरी अल्बममधली प्रत राहते. अल्बममधली प्रत काढली तर ती सगळ्यांकडून जाते, तुमचा मूळ फोटो राहतो. काढण्याचा अधिकार मात्र गुगलसारखाच: अल्बम उघडणारा कुणाचाही फोटो काढू शकतो, बाकीचे फक्त स्वतःचा.

अल्बममध्ये आहे म्हणून मूळ फोटो उडवू नका. पाहुण्यांना दाखवायला २०४८ पिक्सेल पुरतात, पण मुंजीचा मोठा फोटो करून भिंतीवर लावायचा असेल तर कमी पडतात.

१२. आयफोनवर घरातल्या एकाने उडवला आणि सगळ्यांचा गेला. तुम्ही तर राहतो म्हणता?

मग तो शेअर्ड अल्बम नाही, `Shared Library` आहे. ही सोय आयओएस १६.१ पासून, म्हणजे २०२२ पासून आली. तिच्यात जास्तीत जास्त सहा जण असतात आणि फोटोची प्रत होत नाही, मूळ फोटोच सामाईक होतो. कुणीही तो डिलीट करू शकतं आणि तो सगळ्यांकडून जातो. परत आणायचा असेल तर ज्याने तो मुळात टाकला त्याच्या आयफोनवर `Recently Deleted` उघडा. तिथे ३० दिवसांची मुदत असते.

१३. मी फोटो सगळीकडून काढला. आता तो कुणाकडेच नाही ना?

तशी खात्री देता येत नाही. ज्यांनी आधी सेव्ह केला किंवा डाउनलोड केला त्यांच्या प्रतींना तुमचा हात पोचत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही तर पूर्ण वेगळी फाइल असते, अल्बममधून काढल्याने ती जात नाही. तिथे ‘सर्वांसाठी डिलीट’ची मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त असते. त्या मुदतीत काढला तरी समोरच्याच्या आयफोनच्या फोटोंमध्ये आधीच उतरलेली प्रत राहू शकते.

आणखी एक वाट उघडी राहते. तो एकच फोटो तुम्ही कधी वेगळ्या लिंकने पाठवला असेल, तर `Remove from album` केल्याने ती लिंक बंद होत नाही. ती वेगळी बंद करावी लागते. फोटो पूर्ण डिलीट केला तर लिंकवरही दिसत नाही.

१४. आजोबा गेले. त्यांनी टाकलेले फोटो अल्बममध्ये तसेच राहतील ना?

त्यांचं खातं आहे तोवर राहतील. पण दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या सगळ्यासकट काढून टाकण्याचा नियम गुगलने केलाय, आणि डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. खातं गेलं की त्यातले फोटोही गेले, आणि अल्बममधली त्यांची जागा रिकामी झाली.

म्हणून वर्षश्राद्धाची वाट बघू नका. अल्बम उघडून आजोबांचे फोटो घरातल्या एकाने सेव्ह करून घ्या आणि लायब्ररीत ते आले का ते तारखेवर जाऊन तपासा. त्या प्रती अल्बममध्ये टाकायचं काम नंतर सवडीने केलं तरी चालेल, ते प्रश्न ८ मध्ये सांगितलंय.